विश्लेषण : अक्षता पडताना लग्नाची फिल्म पुसट का होते?

आष्टी, कडा, धानोरा या पट्ट्यात लग्नाची फिल्म आता डीव्हीडीवर मिळत नाही, पेन ड्राइव्हवर मिळते. घरी टीव्हीला लावली की अंतरपाटापर्यंत सगळे ठीक दिसते. नवरीच्या शालूची जर दिसते, नवरदेवाच्या फेट्याचा पोतही दिसतो. मग शेवटची मंगलाष्टका संपते, चारही बाजूंनी अक्षता उडतात आणि नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत चित्र मेणासारखे होते. चेहऱ्यावरचे बारकावे जातात, जर पुसली जाते, मागच्या पाहुण्यांचा एक रंगीत लगदा होतो. अक्षता खाली पडल्या की चित्र पुन्हा सावरते.

घरचे म्हणतात कॅमेरा हलका होता. शूटिंगवाला कॅमेऱ्यातली मूळ क्लिप काढून दाखवतो, तर तिच्यात तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा दिसतो. दोघांचेही म्हणणे खरे असते. चित्र बिघडलेले असते ते मिक्सिंग पूर्ण झाल्यानंतरच्या शेवटच्या पायरीवर, म्हणजे एक्स्पोर्टमध्ये. त्या पायरीवर एक छोटा पर्याय असतो: एन्कोडिंग ‘हार्डवेअर’ने करायचे की ‘सॉफ्टवेअर’ने. हार्डवेअर वेगवान असते, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच निवडलेले असते. लगीनसराईत एकाच आठवड्यात पाच-सहा लग्नांचे काम हातात असेल तर ते समजण्यासारखेही आहे. पण त्या वेगाची किंमत कुठे मोजावी लागते आणि कुठे लागत नाही, हे धंदा करणाऱ्याला आणि पैसे देणाऱ्यालाही माहीत असायला हवे. कारण हंगाम संपला की स्टुडिओची हार्ड डिस्क पुढच्या कामासाठी रिकामी होते आणि घरातला पेन ड्राइव्ह हीच त्या लग्नाची एकमेव प्रत उरते.

एकाच नियमाची दोन यंत्रे

टीव्हीवर चालणारी बहुतेक एमपी-४ फाइल एच.२६४ या पद्धतीने दाबलेली असते. ही पद्धत २००३ मध्ये प्रमाण म्हणून ठरली. गंमत अशी की त्या प्रमाणात फाइल ‘वाचायची’ कशी एवढेच काटेकोर लिहिले आहे. फाइल ‘बनवायची’ कशी, हे बनवणाऱ्यावर सोडले आहे. त्यामुळे दोन वेगळ्या एन्कोडरनी एकाच फिल्मच्या, एकाच आकाराच्या आणि दोन्ही नियमात बसणाऱ्या फाइली तयार केल्या, तरी एक नेटकी आणि दुसरी पुसट असू शकते. ‘दोन्ही एच.२६४, दोन्ही साडेचार मेगाबिट, मग फरक कसा?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला किती बिट मिळणार याचे बजेट. ते बजेट शहाणपणाने खर्च झाले की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

सॉफ्टवेअर एन्कोडर म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम. यातला सर्वांत नावाजलेला एक्स२६४. तो व्हिडिओलॅन या संस्थेच्या छत्राखाली तयार झाला. व्हीएलसी प्लेअरही याच संस्थेचा. हार्डवेअर एन्कोडर म्हणजे त्याच कामासाठी चिपमध्ये कोरलेले कायमचे सर्किट. इंटेलने ते २०११ मध्ये क्विक सिंक या नावाने प्रोसेसरमध्ये दिले, एनव्हिडियाने २०१२ पासून ग्राफिक्स कार्डात दिले, त्याचे नाव एनव्हेंक. मोबाइलमध्ये तर ते असतेच. एक गैरसमज इथेच दूर करू. हार्डवेअर एन्कोडिंग म्हणजे ग्राफिक्स कार्डाची सगळी ताकद फिल्मला लावणे नव्हे. गेम चालवणारा कार्डाचा भाग वेगळा आणि एन्कोडिंगचे सर्किट वेगळे. म्हणूनच एकाच पिढीतले महागडे कार्ड घेतले तरी एक्स्पोर्टचे चित्र सहसा सुधारत नाही.

दोन तासांची फिल्म, एक फाइल

आता खरा हिशोब मांडू. दोन तासांची फिल्म आहे, फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम. ग्राहकाला ती एकाच फाइलमध्ये हवी, कारण जुन्या टीव्हीवर एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होत नाही. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, कारण जुने टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि गाडीतले प्लेअर तोच हमखास ओळखतात. एफएटी-३२ ची एक अट आहे: एका फाइलचा आकार चार जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. नेमका आकडा ४२९ कोटी बाइटच्या थोडा वर.

हे बाइट बिटमध्ये बदलून ७,२०० सेकंदांत वाटले तर सेकंदाला जेमतेम पावणेपाच मेगाबिट येतात. आवाजाचा वाटा आणि थोडी सुरक्षित जागा सोडली की चित्रासाठी साडेचार उरतात. एका फ्रेमच्या वाट्याला १ लाख ८० हजार बिट, म्हणजे सुमारे २२ किलोबाइट. तेवढ्याच आकाराचा चांगला फोटो अनेक पट मोठा असतो.

एन्कोडर फ्रेमचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे चौकोन पाडतो. फुल एचडी फ्रेममध्ये असे ८,१६० चौकोन बसतात. म्हणजे २५६ पिक्सेलच्या एका चौकोनाला सरासरी २२ बिट. एवढ्यात चित्र दिसते तरी कसे? कारण बहुतेक चौकोनांना काही लागतच नाही. स्टेजची सजावट, मांडवाचा पडदा, खुर्च्या मागच्या फ्रेममध्ये होत्या तिथेच आहेत. एन्कोडर फक्त ‘मागचेच घ्या’ अशी नोंद करतो, ती जवळजवळ फुकट पडते. वाचलेले बिट चेहऱ्यांवर आणि हलणाऱ्या हातांवर खर्च होतात.

अक्षता पडतात तेव्हा हा सगळा हिशोब कोसळतो. हजारो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा, ते एकमेकांना आणि चेहऱ्यांना झाकतात. मागच्या फ्रेममधून उचलण्यासारखे फारच थोडे उरते. जवळपास प्रत्येक चौकोन एकाच वेळी बिट मागू लागतो. एन्कोडरची परीक्षा पाहायची तर लग्नातल्या या तीन सेकंदांपेक्षा अवघड प्रसंग शोधावा लागेल. डीजेपुढे उडणारा कागदाचा चुरा आणि वरातीतली धूळ त्याच जातीची.

बिट कमी पडले की धार का जाते?

चौकोनातल्या चित्राचे एन्कोडर आधी ढोबळ आणि बारीक भागांत रूपांतर करतो. चौकोन एकंदर किती उजळ आहे हा ढोबळ भाग. त्यातली जरीची रेघ, केस, तांदळाचा दाणा हा बारीक भाग. मग हे आकडे गोळाबेरीज करून लिहिले जातात, किराणा बिलात पैसे सोडून रुपया धरावा तसे. बिट भरपूर असतील तर गोळाबेरीज दहा पैशांची, टंचाई असेल तर पाच रुपयांची. बारीक भागांचे आकडे मुळातच लहान असतात, त्यामुळे ढोबळ गोळाबेरजेत ते सर्वांत आधी शून्य होतात. ढोबळ उजेड राहतो, रेघ जाते.

एवढ्यावर चित्र चौकोनी-चौकोनी दिसायला हवे, पूर्वीच्या व्हीसीडीवर दिसायचे तसे. एच.२६४ मध्ये त्यावर उपाय म्हणून चौकोनांच्या कडा घासून मऊ करणारी गाळणी आहे. गोळाबेरीज जितकी ढोबळ, तितकी ही गाळणी जोरात चालते. म्हणून टंचाई चौकोनांच्या रूपात न दिसता मऊपणाच्या रूपात दिसते. शिवाय घासलेली फ्रेम हीच पुढच्या फ्रेमचा आधार बनते. एकदा पुसट झालेला चेहरा पुढच्या काही फ्रेम पुसटच राहतो, नवे बिट मिळेपर्यंत.

हे दोन्ही एन्कोडरना लागू आहे. मग हार्डवेअरकडे टंचाई लवकर का येते? कारण तेच चित्र साठवायला त्याला जास्त बिट लागतात. म्हणजे त्याच बजेटमध्ये त्याची गोळाबेरीज जास्त ढोबळ होते.

एका चौकोनाचे काय करायचे याला बरेच पर्याय असतात. तो सबंध ठेवायचा की आठ-आठ, चार-चार पिक्सेलचे तुकडे करायचे. मागच्या कोणत्या फ्रेममधून, किती सरकवून उचलायचा. की शेजारच्या चौकोनावरून अंदाज बांधायचा. एक्स२६४ ‘स्लो’ पातळीवर चालवला तर तो यातल्या आशादायक पर्यायांचा बराच हिशोब खरोखर करून पाहतो: एवढे बिट गेले, एवढी चूक राहिली, मग स्वस्त कोणता? वेळ लागला तरी त्याला घाई नसते. सर्किटला असते. ते मुळात लाइव्ह चित्र थांबू न देता दाबण्यासाठी बनलेले आहे. प्रत्येक चौकोनाला ठरलेला क्षण मिळतो, त्यात अंदाजाने निवडायचे आणि पुढे जायचे. सर्किट वाढवले तर चिपचा आकार आणि वीजखर्च वाढतो, म्हणून पर्याय कमीच तपासले जातात. एकेका चौकोनात चार-दोन बिटांची उधळपट्टी होते. सेकंदाला दोन लाख चौकोनांच्या हिशोबात ती मोठी ठरते.

दुसरे कारण दूरदृष्टीचे. एक्स२६४ पुढच्या चाळीस-पन्नास फ्रेम आधी पाहून ठेवतो आणि कोणता चौकोन पुढे किती वेळा उचलला जाणार हे मोजतो. जो पडदा पुढचे दोन सेकंद तसाच राहणार, त्याच्यावर आत्ता बिट खर्च करणे फायद्याचे. जो दाणा पुढच्या फ्रेममध्ये नसणार, त्याच्यावर नाही. हार्डवेअरलाही अलीकडे थोडे पुढचे दिसते, पण इतक्या बारकाईने नाही.

त्याहून मोठा फरक ‘टू-पास’चा. सॉफ्टवेअर एन्कोडर पहिल्या फेरीत सबंध फिल्म नुसती मोजून घेतो. मुलाखतीसारखे शांत प्रसंग कुठे, अक्षता कुठे, वरात कुठे हे त्याला कळते. दुसऱ्या फेरीत तो शांत प्रसंगांना दोन-अडीच मेगाबिटवर भागवतो आणि वाचलेले अक्षतांच्या वेळी दहा-बारापर्यंत देऊ शकतो. सरासरी साडेचारच राहते. एनव्हेंकच्या पर्यायांमध्येही ‘मल्टिपास’ असा शब्द दिसतो, पण तो एकेका फ्रेमपुरता दोनदा केलेला हिशोब आहे, सबंध फिल्मचा नाही. नाव सारखे असले तरी काम वेगळे, हे लक्षात न आल्यामुळे बरेच जण फसतात.

गणिताला पुसटपणा आवडतो

तिसरे कारण सर्वांत मजेचे आहे. एन्कोडर ‘चूक’ मोजतो ती मूळ पिक्सेल आणि नवा पिक्सेल यांच्या फरकाचा वर्ग करून. समजा जरीच्या चार पिक्सेलची उजळपणाची पातळी १००, १४०, १००, १४० आहे. बिट कमी आहेत, त्यामुळे एन्कोडरपुढे दोनच पर्याय. पहिला पर्याय धारदार, पण एक पिक्सेल सरकलेला: १४०, १००, १४०, १००. दुसरा सपाट: १२०, १२०, १२०, १२०. पहिल्यात प्रत्येक ठिकाणी ४० ची चूक, वर्गांची बेरीज ६,४००. दुसऱ्यात प्रत्येक ठिकाणी २० ची, बेरीज १,६००.

गणित सपाट पर्याय निवडणार. माणसाचा डोळा मात्र पहिला निवडेल, कारण त्याला जर एक पिक्सेल सरकली हे कळत नाही, जर नाहीशी झाली हे लगेच कळते. एक्स२६४ लिहिणाऱ्यांनी नेमके हे ओळखून हिशोबात बदल केला. चौकोनात मुळात जेवढी ‘खडबड’ होती, तेवढी शिल्लक राहते का, याचेही गुण ते धरतात. त्यामुळे आकड्यांच्या चाचणीत चूक थोडी जास्त दिसते, पण चित्र जिवंत वाटते. हार्डवेअर एन्कोडरमध्ये गुंतागुंतीच्या भागातून काढून सपाट भागाला बिट देण्याची सोय असते, ती आकाशाचे आणि भिंतीचे पट्टे घालवायला उपयोगी पडते. पण पोत जपणारा असा हिशोब त्यांच्यात सहसा नसतो. म्हणून ‘दोघांचे गुण जवळजवळ सारखे’ असे सांगणारे तक्ते पाहिले तरी टीव्हीवर हार्डवेअरची फाइल मऊ वाटते. अशा तक्त्यांपेक्षा मी अक्षतांच्या तीन सेकंदांवर जास्त विश्वास ठेवीन.

दोष एन्कोडरचाच आहे हे कसे ओळखावे?

प्रत्येक पुसट फिल्मचा गुन्हेगार एन्कोडर नसतो. फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत, शांत प्रसंगातही सारखीच मऊ असेल तर फोकस चुकला आहे, किंवा कुणीतरी ७२० च्या आकारात एक्स्पोर्ट करून टीव्हीला ते ताणायला लावले आहे. एन्कोडरची खूण वेगळी असते. हालचाल सुरू झाली की मऊपणा येतो, थांबली की अर्ध्या-एक सेकंदात जातो. दुसरी खूण ‘धडधड’. स्थिर चित्रातही ठरावीक सेकंदांनी चेहरा एकदम स्वच्छ होतो आणि पुन्हा हळूहळू पुसट होत जातो. प्रत्येक स्वच्छ क्षण म्हणजे नव्याने लिहिलेली पूर्ण फ्रेम, आणि तिथून पुढे टंचाई साचत जाते.

तपासायचे असेल तर मिक्सिंगच्या टाइमलाइनवरून आधी एक जड, जवळजवळ न दाबलेली मास्टर फाइल काढावी. तिच्यातून हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर अशा दोन्ही मार्गांनी, समान बिटरेटवर सबंध फिल्म काढून अक्षतांची तीच फ्रेम दोन्हीकडे थांबवून पाहावी. फक्त वीस सेकंदांचा तुकडा काढून तुलना केली तर सॉफ्टवेअरवर थोडा अन्याय होतो, कारण शांत प्रसंगातून उसने घ्यायला त्या तुकड्यात जागाच नसते.

इथे एक बारकावा आहे. प्रीमियर प्रोमध्ये एक्स्पोर्टच्या वेळी `Software Encoding` निवडले तरी एक्स२६४ मिळत नाही. त्यात मेनकॉन्सेप्ट या कंपनीचा एन्कोडर आहे. तो वाईट नाही, पण वर वर्णन केलेले सगळे गुण त्याला लावू नयेत. एक्स२६४ हवा असेल तर मास्टर फाइल हँडब्रेकमध्ये उघडून `H.264 (x264)` निवडावे किंवा एफएफएमपेग वापरावे. दोन्ही फुकट आहेत.

मग करायचे काय?

सर्वांत स्वस्त उपाय एन्कोडर बदलण्याचा नाहीच. फिल्मचे तीन भाग करा: हळद, लग्न, वरात. प्रत्येक भाग चाळीस मिनिटांचा. चार जीबीची अट प्रत्येक फाइलला वेगळी लागते, त्यामुळे प्रत्येक भागाला सेकंदाला १४ मेगाबिट मिळू शकतात आणि तिन्ही भाग १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर बसतात. एवढ्या बजेटमध्ये हार्डवेअरची उधळपट्टी खपून जाते. अक्षतांच्या वेळीही फरक शोधूनच काढावा लागेल. मोबाइलचा कॅमेरा हेच करतो. तोही हार्डवेअर एन्कोडरच वापरतो, पण आयफोन एच.२६४ मध्ये फुल एचडीच्या एका मिनिटाला सुमारे १३० एमबी घेतो, म्हणजे सेकंदाला १७ मेगाबिटच्या आसपास. त्याचे चित्र धारदार दिसते त्याचे श्रेय चिपच्या हुशारीला थोडे आणि सढळ हाताला जास्त.

ग्राहकाला एकच फाइल हवी असेल, तर मात्र सॉफ्टवेअरचे दोन फेऱ्यांचे एक्स्पोर्ट करावे. विंडोजवर ते असे:

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -preset slow -pix_fmt yuv420p -level 4.1 -b:v 4500k -pass 1 -an -f null NUL
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -preset slow -pix_fmt yuv420p -level 4.1 -b:v 4500k -pass 2 -c:a aac -b:a 160k lagna.mp4
```

यातले `yuv420p` आणि `level 4.1` टीव्हीसाठी आहेत. ते विसरले तर फाइल संगणकावर छान चालते आणि जुन्या टीव्हीवर आवाज येऊन चित्र काळे राहू शकते. हा हिशोब जमला की फाइल सुमारे ४२० कोटी बाइटची होते, म्हणजे मर्यादेच्या आत.

वेळेचे काय? दोन तासांच्या फिल्ममध्ये १ लाख ८० हजार फ्रेम असतात. एखाद्या संगणकावर सॉफ्टवेअर सेकंदाला ४० फ्रेम काढत असेल तर दुसऱ्या फेरीला सव्वा तास लागेल. पहिली फेरी बरीच वेगाने होते. हार्डवेअरने सेकंदाला २५० फ्रेम काढल्या तर तेच काम बारा मिनिटांत. म्हणजे सॉफ्टवेअरचे काम रात्री लावून घरी जाण्याचे. पण आष्टीसारख्या ठिकाणी रात्री वीज गेली तर? एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहिली जाते. मध्येच यंत्र बंद पडले तर तयार झालेला भागही उघडत नाही. इन्व्हर्टरवर भरवसा नसेल तर आधी एमकेव्ही फाइल काढावी; ती अर्धवट राहिली तरी झालेला भाग पाहता येतो. पूर्ण झाल्यावर पुन्हा न दाबता ती मिनिटभरात एमपी-४ मध्ये बदलता येते.

चित्र एक्स्पोर्टआधीच धारदार करण्याची, म्हणजे ‘शार्पन’ वाढवण्याची सवय मात्र सोडावी. त्याने बारीक भाग आणि अंधारातला कणकणही वाढतो, तो बिट मागतो आणि टंचाई आणखी लवकर येते. मऊपणावर केलेला हा उपाय मऊपणा वाढवतो. रात्रीच्या वरातीच्या क्लिपवर हलकेसे नॉइज कमी केले तर कोणत्याही एन्कोडरने चित्र बरे येते.

हार्डवेअर कुठे योग्य?

बऱ्याच ठिकाणी. ग्राहकाला कच्ची प्रत दाखवायची असेल, दुरुस्त्या निघणारच असतील, तर सव्वा तास घालवणे हा वेडेपणा आहे. यूट्यूबवर टाकायची फिल्म तर बिनधास्त हार्डवेअरने काढावी, फक्त बजेट सढळ ठेवावे. फुल एचडीसाठी यूट्यूब स्वतः ८ मेगाबिट सुचवते. हार्डवेअरने १६ ते २० द्यावेत. यूट्यूब ती फाइल पुन्हा स्वतःच्या पद्धतीने दाबणारच आहे, त्यामुळे तिकडे पोहोचेपर्यंत तिच्यात बारकावे शिल्लक असणे महत्त्वाचे.

हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनाचे रेकॉर्डिंगही हार्डवेअरला झेपते. कॅमेरा तिपाईवर, बुवा एका जागी, मागे टाळकरी. हालचाल मर्यादित. चार मेगाबिटलाही दोन्ही एन्कोडरमध्ये फार फरक दिसणार नाही. त्याच कीर्तनाचे लाइव्ह प्रक्षेपण करायचे असेल तर दोन फेऱ्या शक्यच नाहीत आणि हार्डवेअर हाच व्यवहार्य पर्याय. तिथे मोबाइल नेटवर्कवर वर पाठवण्याचा वेग तीन मेगाबिट मिळत असेल, तर फुल एचडीचा हट्ट धरू नये. तीन मेगाबिटमध्ये फुल एचडीच्या एका चौकोनाला १५ बिटही मिळत नाहीत. ७२० च्या फ्रेममध्ये चौकोन ३,६०० च असतात, त्यामुळे प्रत्येकाला ३३ मिळतात. लहान पण स्वच्छ चित्र मोठ्या पुसट चित्रापेक्षा बरे दिसते.

मोबाइलवरच्या एडिटिंग ॲपमध्ये तर बहुधा निवडच नसते. ती ॲप फोनच्या चिपमधला एन्कोडर वापरतात. तिथे हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे एक्स्पोर्टच्या वेळी बिटरेटची पट्टी वर सरकवणे.

हेही सांगायला हवे की अंतर कमी होत आहे. एनव्हिडियाच्या २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून एनव्हेंकची प्रत चांगलीच सुधारली आणि एक्स२६४ च्या वेगवान पातळ्यांशी ते बरोबरी करू लागले. ‘स्लो’ पातळी आणि दोन फेऱ्यांपुढे मात्र कमी बिटरेटवर ते अजून मागे पडते. जुने कार्ड विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना: बजेट संगणकांत लोकप्रिय झालेल्या जीटीएक्स १६५० च्या सुरुवातीच्या कार्डांत बाकी सगळे ट्युरिंगचे असले तरी एन्कोडिंगचे सर्किट आधीच्या पिढीचे आहे. जीटीएक्स १६५० सुपरमध्ये ते नवे आहे. दुकानात खोक्यावर हा फरक लिहिलेला नसतो.

आमच्या मते स्टुडिओंनी एक साधी पद्धत पाडावी. दर सांगताना फाइल एक की तीन, बिटरेट किती आणि एक्स्पोर्ट कोणत्या मार्गाने, हे बिलावरच लिहावे. रात्रभराच्या एक्स्पोर्टचे शंभर-दोनशे रुपये जास्त लागत असतील तर तेही उघड मागावेत. आणि टीव्हीच्या प्रतीसोबत लग्नविधीच्या भागाची तरी एक जड प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर द्यावी. चाळीस मिनिटांना ५० मेगाबिट दिले तर ती १५ जीबीची होते. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, म्हणजे चार जीबीची अट आड येत नाही. जुन्या टीव्हीवर तो चालणार नाही, पण त्या प्रतीतून पुढे कधीही, त्या वेळच्या एन्कोडरने, नवी फाइल काढता येते. चार जीबीत कोंबलेल्या फिल्ममधून गेलेली जर मात्र कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. ते फार तर अंदाजाने नवी रंगवेल.